राजमान्य राजश्री भाचेसाहेब

मामांचं ते पत्र अजून माझ्याकडे आहे. निळं आंतर्देशीय, घड्यांवर विरलेलं. अधूनमधून काढतो, उघडतो आणि परत ठेवतो. घरातली मुलं विचारतात, एवढं काय आहे त्यात? मी म्हणतो, माझी स्तुती आहे. ते खोटं नाही. आयुष्यात इतकी स्तुती मला एकदाच मिळाली, आणि ती अशा माणसाकडून, ज्याने तोवर मला गधड्याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

तेव्हा मी जळगावला कॉलेजात शिकत होतो. आमचं गाव यावलकडचं, चारी बाजूंनी केळीच्या बागा. वडील केळीचे घड कापून ट्रकवर चढवायच्या कामावर जात, माय बागेत निंदणीला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे तिथे कसं बोलायचं, कसं बसायचं, प्रोफेसरांना वाटेत भेटल्यावर नमस्कार करायचा की नाही, यातलं काहीच मला सांगणारं कुणी नव्हतं. मी वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो आणि उत्तर येत असलं तरी हात वर करायचो नाही. राहायला एका मारवाडी शेठजींच्या धान्याच्या दुकानामागची खोली होती. त्यांना सगळे काकाजी म्हणत. काकाजींची नजर अधू झालेली, म्हणून संध्याकाळी त्यांचं टपाल वाचून दाखवायचं आणि त्या बदल्यात खोलीत राहायचं, असं ठरलेलं होतं. खोलीला तुरीच्या डाळीचा आणि नव्या गोणपाटाचा वास असे. दुपारी दुकानात हमाल पोती टाकत, तेव्हा माझ्या टेबलावरचा पेला थरथरायचा. आजही कुठे गोणपाटाचा वास आला की मला अर्थशास्त्राचं पुस्तक आठवतं.

लोटनमामा म्हणजे मायचा धाकटा आणि एकुलता एक भाऊ, धुळ्याला तेलाच्या गिरणीत कामाला. मायला माहेर म्हणून उरलं होतं ते तेवढंच. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मामा तिला न्यायला येत. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा बायकांना आखाजी मोठी. माहेरी जायचं, झाडाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणायची, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खायचा, आठ दिवस कुणाचं काम करायचं नाही. माय वर्षभर ज्या मुकाटपणे राबायची, तो मुकाटपणा मामांची पिशवी दारात दिसली की सुटायचा, आणि ती धुळ्याकडच्या अहिराणीत भराभरा बोलायला लागायची. एरवी आमच्या गावात तिच्या बोलण्याला लोक हसत, म्हणून ती ते मनातच ठेवायची.

मामांची पत्रं म्हणजे पोस्टकार्ड, चार ओळींचं. ‘चि. भगवान यास आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. अक्कास सांगणे. अभ्यास कर.’ अक्का म्हणजे माझी माय. बस्स, एवढंच. आणि अचानक एके दिवशी हे आंतर्देशीय आलं. वर वळणदार अक्षरात मायना होता: ‘राजमान्य राजश्री भाचेसाहेब भगवानराव यांचे सेवेसी.’ मला आधी वाटलं, पत्र दुसऱ्या कुणाचं तरी आलंय. पत्ता पाहिला, तो माझाच होता.

मग दोन पानं भरून मी होतो. मी विद्वान होतो. आमच्या सगळ्या नातेवाइकांत माझ्यासारखं रत्न झालं नव्हतं. माझ्या शब्दाला पंचक्रोशीत मान होता, माझं चारित्र्य गंगाजळासारखं निर्मळ होतं, आणि माझ्या मुखातून निघालेली गोष्ट कोणीही प्रमाण मानी. मध्येच एक वाक्य असंही होतं: ‘लहानपणी आमचे येथे राहावयास आला असता गूळ बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकीत नव्हता.’ हे सगळं मी खोलीच्या दारात उभ्या उभ्या वाचलं आणि माझे कान तापले. ज्या मुलाला वर्गात हात वर करायचा धीर होत नाही, त्याला कुणीतरी सांगतंय की तुझा शब्द प्रमाण! खरं सांगायचं तर त्या क्षणी मी शेवटच्या घडीपर्यंत पोचलोच नव्हतो.

मागणी शेवटच्या घडीवर होती. आंतर्देशीयाला डिंक लावून चिकटवायची जी चिंचोळी पट्टी असते ना, तिच्यावर, बारीक अक्षरात दाटीवाटीने. मामांचा मुलगा वसंत माझ्याबरोबरच कॉलेजात आला होता, पण पहिल्याच परीक्षेत दोनदा नापास होऊन धुळ्याला परतला होता आणि इंजिनं दुरुस्त करायच्या एका दुकानात कामाला लागला होता. त्याच्यासाठी पारोळ्याकडच्या दामूनानांच्या मुलीचं स्थळ आलं होतं. दामूनाना येत्या आठ दिवसांत चौकशीसाठी जळगावला माझ्याकडे येणार होते. मी त्यांना एवढंच सांगायचं होतं, की वसंत माझ्याबरोबर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पहिल्या वर्गात पास होतो, आणि परीक्षा झाली की एका कचेरीत त्याची नोकरी पक्की आहे. ‘आपल्या एका शब्दावर दोन घरांचे कल्याण आहे. अक्कास यातील काही कळवू नये, तिला उगाच घोर लागेल.’

आज कुणाला वाटेल, यात विचार करण्यासारखं काय होतं? सरळ खोटं बोलायला सांगितलं होतं. पण मला तीन दिवस ते तसं दिसलंच नाही. मला दिसत होतं ते असं, की मामांनी माझ्यावर केवढा विश्वास टाकला आहे! मी पत्राची ती पट्टी आत दुमडून ठेवायचो आणि वरची दोन पानं वाचायचो. आरशासमोर उभा राहून दामूनानांशी बोलण्याचा सरावही केला. ‘वसंत ना? फार हुशार.’ वसंत हुशार होताच की. मग पुढचं वाक्य थोडं लांबवलं तर काय बिघडतं? शिवाय नाही म्हटलं तर? मायचं माहेर एका माणसापुरतं होतं. तो माणूस रुसला, तर आखाजीला दारात पिशवी कोण घेऊन येणार?

चौथ्या दिवशी संध्याकाळी काकाजींचं टपाल वाचता वाचता मी दोनदा ओळ चुकलो. काकाजी म्हणाले, “भगवान, आज तुझं ध्यान कुठे आहे रे? घरी सगळं ठीक?”

मी पत्र काढून दिलं. म्हणजे दिलं नाही, वाचून दाखवलं, आणि तेही फक्त वरची दोन पानं. काकाजी गादीवर मांडी घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, “आणि काम काय सांगितलंय?”

“काम?”

“अरे बेटा, एवढा मोठा मंडप घातलाय, तर आत लग्न कुणाचं आहे?”

मी लाजून पट्टी उलगडली आणि तेही वाचलं. काकाजींनी पत्र माझ्या हातातून घेतलं. वाचता येत नव्हतं तरी ते त्यांनी बोटांनी चाचपलं, घड्या मोजल्या. “दोन पानं तुझी, आणि ही एवढीशी पट्टी कामाची. माझ्याकडे पन्नास वर्षं चिठ्ठ्या येतात. मायना सगळ्यांनाच लांबलचक असतो, त्याचं काही नाही. तो नमस्कारासारखा, त्याला वजन नसतं. पण माणसाचा नेहमीचा मायना किती, आणि आजचा किती, हे बघायचं. तुझा मामा नेहमी काय लिहितो?”

“चिरंजीव. आशीर्वाद.”

“आणि आज राजश्री! मग तू एका महिन्यात एवढा मोठा झालास, की त्याचं काम मोठं झालं?”

मला राग आला. मी म्हणालो, “काकाजी, मामा तसे नाहीत.”

“मी कुठे म्हणतो तसे आहेत? मामा चांगला असेल. गरजू माणूसही स्तुती करतो आणि प्रेमाचा माणूसही करतो, कधी एकच माणूस दोन्ही असतो. आपण मामाला तोलत नाही बेटा, चिठ्ठी तोलतोय.” मग त्यांनी आपला रुंद पंजा पत्राच्या वरच्या भागावर ठेवला. “आता हे झाकलं. असं समज, की एक अनोळखी माणूस दुकानात आला, त्याने तुला काही म्हटलं नाही, विद्वान नाही, रत्न नाही. नुसतं हे खालचं सांगितलं. करशील?”

मी ती पट्टी मोठ्याने वाचली. वरचं झाकल्यावर आवाज किती वेगळा येतो! अमुक माणसाला सांग, की हा मुलगा बी.ए.ला आहे. आणि तो नाही. मी म्हणालो, “नाही करणार.”

“आता सांग, हे काम बिघडलं तर कुणाच्या अंगावर येईल?”

मी विचार केला. मामांनी काही सांगितलं असलं, तरी त्याची खात्री देणार होतो मी. वसंतने तर काही सांगितलंच नव्हतं. “माझ्या,” मी म्हणालो. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. “आणि त्या मुलीच्या.”

“तिचं नाव आहे का चिठ्ठीत?”

नव्हतं. चार वेळा वाचूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझं नाव नऊ वेळा होतं.

काकाजींनी पंजा उचलून घेतला. मग म्हणाले, “घाई आहे, आठ दिवसांत. गुपित आहे, आईला सांगू नको. आणि आईला का सांगायचं नाही? ती नको म्हणेल म्हणूनच ना? चांगल्या कामाला घरच्या माणसापासून लपवायला सांगत नाहीत. मला एकदा लोकांनी न्यायी, धर्मात्मा म्हणत म्हणत पंचांसमोर एका माणसासाठी शब्द द्यायला लावला. तो माणूस निघून गेला आणि मी दोन वर्षं बाजारातून मान खाली घालून चाललो. तेव्हापासून हा पंजा ठेवायला शिकलो.”

मी विचारलं, “मग वरचं सगळं खोटंच का?”

“ते पुन्हा वाच. या वेळी खालचं झाकून.”

मी वाचलं. काकाजी प्रत्येक वाक्याला थांबवत होते. “रत्न. हे मलाही लावता येईल, माझ्या घोड्यालाही. गंगाजळ. कुणालाही. प्रमाण. कुणालाही.” गुळाच्या कागदाच्या वाक्याशी मात्र त्यांनी हात वर केला. “थांब. हे कुणालाही लावता येणार नाही. हे ज्याने पाहिलं, त्यालाच माहीत. भगवान, दोन पानांत एवढा एक दाणा खरा आहे. तो सांभाळून ठेव. आणि नाही म्हणायचं असेल तर चिठ्ठीत नको म्हणू, जाऊन सांग. नाही म्हटल्यावर समोरचा काय बोलतो, त्यावरून कळेल स्तुती तुझी होती की कामाची.”

रविवारी मी एस.टी.ने धुळ्याला गेलो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा किल्ल्याकडे बघत बसलो आणि मनात वाक्यं जुळवत राहिलो, पण ती सगळी मामांच्या दारातच विसरलो. मामींनी पाट मांडला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. मामा समोर बसले. गिरणीत काम करून त्यांच्या कपड्यांना तेलाचा वास कायमचाच लागलेला होता.

“उनात भाचेसाहेब!” ‘आलात का’ या अर्थाने ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून कधी ‘साहेब’ ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते जड जात होतं.

मी भाकरी तशीच ठेवली. “मामा, दामूनाना आले तर मी वसंतबद्दल जे जे चांगलं आहे ते सगळं सांगेन. पण तो बी.ए.ला आहे असं नाही सांगणार. तो नापास झाला, हेही विचारलं तर सांगेन.”

मामींचा हात भाकरीवर थांबला. मामा आधी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की मी चेष्टा करत नाही. “म्हणजे? बठ्ठं सांगी टाकशी? सगळं?”

“विचारलं तर.”

“तू माले शिकाडस? कालपर्यंत शेंबूड पुसता येत नव्हता, आणि आता माले शिकाडस, गधड्या?”

आणि तुम्हाला विचित्र वाटेल, पण तो शब्द ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. राजश्री गेला होता, भाचेसाहेब गेले होते, आणि समोर माझे मामा बसले होते. मी धीर करून विचारलं, “मामा, ते पत्र कुणी लिहिलं?”

उत्तर मामींनी दिलं. “कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहितो ना तो माणूस, त्याच्याकडून लिहून आणलं. मी म्हटलं, भाच्याला कसला अर्ज? तर हे म्हणे, काम मोठं आहे, कागदही मोठा लागतो.”

तिथे मला सगळं उमगलं. मामांनी आयुष्यात मोठी कामं अशीच केलेली पाहिली होती. साहेबाकडे जायचं तर टेबलवाल्याकडून अर्ज लिहून घ्यायचा. तो वर साहेबाची थोरवी लिहितो आणि खाली विनंती. चौथी शिकलेल्या माणसाला वाटलं, भाचा कॉलेजात गेला म्हणजे आता तोही साहेब झाला, त्याच्यापुढे पोस्टकार्ड चालणार नाही. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण माझं उत्तर त्याने बदललं नाही.

“जेव आणि जा,” मामा म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

वसंत मला स्टँडपर्यंत पोचवायला आला. त्याच्या नखांत काळं तेल होतं. गाडी लागल्यावर म्हणाला, “बरं केलंस. ती मुलगी घरात आल्यावर मला रोज सकाळी कॉलेजला जायला निघावं लागलं असतं.” आणि आम्ही दोघं कंडक्टर ओरडेपर्यंत हसत राहिलो.

तिथून मी तसाच गावी गेलो आणि मायला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “बरं करं तू,” म्हणजे बरं केलंस. पण त्यानंतर तिने तेच तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

दामूनाना चारच दिवसांनी आले. उंच, धोतर नेसलेले, हातात छत्री. काकाजींनी त्यांना गादीवर बसवलं आणि स्वतः मुद्दाम दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. दामूनानांनी विचारलं, “मुलगा तुमच्याच वर्गात आहे म्हणे?”

“होता. दोनदा नापास झाला, मग सोडलं. आता इंजिनं दुरुस्त करतो.”

“हाताखाली, का स्वतः?”

“हाताखाली. पण दुकानाचा मालक अवघड काम त्यालाच देतो. इंजिनच्या नुसत्या आवाजावरून तो दोष सांगतो. कॉलेजात होता तेव्हा पुस्तक उघडून बसायचा आणि बाहेर चाललेल्या ट्रकचा आवाज ऐकत राहायचा. व्यसन नाही. आईला उलट बोलत नाही. राग येतो, पण दहा मिनिटांत जातो.”

दामूनाना माझ्याकडे बघत राहिले. “मुलाच्या बापाने तर वेगळं सांगितलं होतं.”

मी म्हणालो, “ते मामा आहेत माझे. त्यांना वाटलं, कॉलेज म्हटलं तरच तुम्ही मुलगा बघाल.”

ते उठले, छत्री घेतली आणि ‘बरंय’ म्हणून निघून गेले. ना हो म्हणाले, ना नाही.

मग धुळ्याहून पोस्टकार्डही येईना. चैत्र सरला, उन्हं तापली, परीक्षा संपवून मी गावी आलो. गल्लीतल्या कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधले गेले. शेजारच्या सुना एकेक करून माहेरी निघाल्या, त्यांच्या भावांच्या सायकली, बैलगाड्या दारात दिसू लागल्या. माय काही बोलत नव्हती. फक्त तिने आपलं हिरवं लुगडं धुऊन, घडी करून ठेवलं होतं, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, “धुवाचंच व्हतं.” मी तिच्या नजरेला नजर देत नव्हतो. मी बरोबर केलं, हे मला ठाऊक होतं. पण ते लुगडं बघून बरोबर असण्याचा काही उपयोग वाटत नव्हता.

आखाजीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, दारात पिशवी आपटल्याचा आवाज आला.

“अक्का, पानी दे!”

माय पाणी घेऊन धावली आणि निम्मं वाटेतच सांडलं. मामा ओट्यावर बसले, पाणी प्यायले, टोपीने वारा घेतला. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. मायलाच सांगत राहिले, की तो पारोळ्याचा दामूनाना भारी माणूस. महिनाभर गप्प बसला, आणि मग निरोप पाठवला, मळ्यातलं इंजिन बंद पडलंय, पोराला पाठवा. वसंत गेला. दिवसभर खपला. डिझेलच्या नळीत हवा धरली होती आणि नोझल चोंदलं होतं. दिवस मावळताना पाणी पाटात आलं, तेव्हा दामूनानांनी घरातून मुलीला चहा घेऊन पाठवलं. “नाव कमल शे तिचं,” मामा म्हणाले.

मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि कागदात बांधलेला गुळाचा खडा काढला. मायच्या हातात गूळ दिला, आणि चिकट, चुरगळलेला कागद हातावर सरळ करत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“तो अर्जवाला ते गुळाचं वाक्य लिहायला तयार नव्हता. म्हणे, अर्जात असं शोभत नाही. मी म्हटलं, बाकी तुझ्या मनाचं लिही, हे माझ्या मनाचं लिही.” आणि कागद माझ्यापुढे धरला. “घे, वाच गधड्या.”

कसल्याशा जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा होता, अर्ध्या ओळी गुळाने पुसलेल्या. मी ओट्यावर बसून तो वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचला, आणि आत माय हिरवं लुगडं नेसत अहिराणीत भराभरा बोलायला लागली होती.